नंबर नवा, मेसेज आधीच्या बाईंचे

प्रश्न: "दीड महिन्यापूर्वी मी नवीन नंबर घेतला आणि जुना बंद केला. पहिल्या आठवड्यापासूनच या नंबरवर कुणा दुसऱ्या बाईंचे मेसेज येतात. बँकेत किती जमा झाले, कधी काढले, तपासणीचा रिपोर्ट तयार आहे, औषधं संपत आली असतील, सगळं मला कळतं. मधूनच ओटीपीही येतात. परवा कुणीतरी लिहिलं, 'मावशी, फोन का उचलत नाहीस?' मोबाइल कंपनीला विचारलं तर म्हणाले, नंबर आता तुमचाच आहे, आम्ही काही करू शकत नाही. बाईंचं नाव मेसेजमधून कळलंय, पण पत्ता नाही. वाटतं, ओटीपी टाकून त्यांच्या हॉस्पिटलच्या अ‍ॅपमध्ये जावं, तिथून ईमेल शोधावा आणि त्यांना कळवावं. नवरा म्हणतो, भानगडीत पडू नकोस, सगळं ब्लॉक कर. काय करू?"

उत्तर:

दोन्ही नको. ओटीपी टाकून आत जाऊ नका आणि सरसकट ब्लॉकही करू नका. का ते सांगते, पण त्याआधी मोबाइल कंपनीबद्दलचा तुमचा राग थोडा बाजूला ठेवा. त्यांचं उत्तर हात झटकल्यासारखं वाटलं तरी ते बरंचसं खरं आहे.

नंबर कुणाचा, ही नोंद कंपनीकडे एकच असते: हा नंबर या सिमवर. ती बदलली की कंपनीचं काम संपलं. पण तोच नंबर त्या बाईंनी आजवर बँकेत, हॉस्पिटलात, लॅबमध्ये, खरेदीच्या अ‍ॅपवर दिलेला असतो आणि त्या प्रत्येकाकडे आपापलं वेगळं रजिस्टर असतं. नंबर बंद झाला म्हणून त्या रजिस्टरांतली नोंद आपोआप खोडली जात नाही. मोबाइल कंपनीला तर ही रजिस्टरं कुठे कुठे आहेत हेही माहीत नसतं. त्यामुळे एका ठिकाणी तक्रार केली आणि सगळं थांबलं, असं होणार नाही. जिथून मेसेज येतो, तिथेच तो थांबवावा लागतो.

बंद झालेला नंबर लगेच दुसऱ्याला देत नाहीत. भारतात निदान 90 दिवस आणि अमेरिकेत निदान 45 दिवस तो रिकामा ठेवावा लागतो. या काळात फोन करणाऱ्याला 'हा नंबर सेवेत नाही' असं ऐकू येतं आणि माणसं काय ते समजतात. बँकेचं सर्व्हर समजत नाही. मेसेज पोचला नाही तरी पुढच्या व्यवहाराला ते त्याच नंबरवर पुन्हा पाठवतं आणि एक दिवस तो पोचतो, तुमच्याकडे. 2021 साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी असे पुन्हा वापरात आलेले 200 नंबर आठवडाभर स्वतःकडे घेऊन पाहिले. त्यातल्या 19 नंबरांवर एवढ्याशा काळात आधीच्या माणसाचे खाजगी कॉल किंवा मेसेज आले. त्यात ओटीपी होते आणि औषधांची आठवण करून देणारे मेसेजही होते. तेव्हा तुमच्या वाट्याला काही विचित्र आलेलं नाही.

आता त्या बाईंना कळवण्याबद्दल. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. त्यांनी नंबर सोडला, सगळीकडे कळवायचं राहून गेलं आणि आपण सांगितलं की त्या लगेच दुरुस्त करतील, असं तुम्हाला वाटतंय. असेलही तसं. पण रिचार्ज राहून गेलं आणि नंबर गेला, असंही होतं. फोन चोरीला गेला, आजारपणात कुणाचं लक्ष राहिलं नाही, मुलांनी दुसरा नंबर घेऊन दिला आणि आईची बँक त्यांच्या ध्यानातच आली नाही. किंवा ती व्यक्ती आता हयात नाही. जमा-खर्चाचे मेसेज येतात म्हणून सगळं ठीक असेल असंही नाही. पैसे जमा होणं आणि हप्ते कापले जाणं माणसाशिवायही चालू राहतं. यातलं काय खरं ते मेसेज वाचून कळणार नाही आणि तुम्ही ते शोधूही नये. तुम्हाला त्या बाईंपर्यंत पोचायची गरजच नाही. बँकेकडे त्यांचा पत्ता आहे, ईमेल आहे, बहुधा वारसाचं नावही आहे. तुम्ही फक्त बँकेला जागं करायचं.

हॉस्पिटलच्या अ‍ॅपमध्ये शिरायचा बेत मी साफ मोडून काढते आहे, कारण तो वाटतो तितका साधा नाही. ओटीपी टाकला की समोर फक्त ईमेल येणार नाही. आधी रिपोर्ट येतील, कोणत्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे ते येईल, घरच्या इतरांची नावं येतील. तुम्ही नजर वळवलीत तरी अ‍ॅपच्या नोंदीत राहणार की अमुक दिवशी, अमुक वाजता, तुमच्या फोनवरून हे खातं उघडलं गेलं. उद्या त्या बाईंच्या कुठल्याही खात्यात गडबड झाली, तर तपास करणाऱ्यासमोर पहिला नंबर तुमचा येईल. हेतू चांगला होता हे तुम्ही सांगाल. नोंदीत हेतू लिहिलेला नसतो. शिवाय असा शोधून काढलेला ईमेल त्यांना मिळाला की त्या काय समजतील? अनोळखी बाईला आपलं नाव, बँक आणि हॉस्पिटल माहीत आहे. मी त्यांच्या जागी असते, तर घाबरून तुमच्याच विरुद्ध तक्रार केली असती.

ओटीपीबद्दल जरा सविस्तर, कारण खरा धोका तिथे आहे. ओटीपी आपोआप येत नाही. तो आला म्हणजे त्या घडीला कुणीतरी त्यांचा नंबर किंवा खातं टाकून स्क्रीनपुढे बसलं आहे. ते कोण, हे तुम्हाला कळू शकत नाही. त्या स्वतः असतील, जुनाच नंबर अजून जोडलेला आहे हे विसरलेल्या. किंवा त्यांचा पासवर्ड हाती लागलेला कुणी चोर असेल आणि त्याच्या वाटेत आता फक्त हे सहा आकडे उरले असतील. म्हणून कुणी फोन करून, "ताई, चुकून माझा ओटीपी तुमच्याकडे आला असेल, वाचून दाखवता का?" असं विचारलं, तर द्यायचा नाही. आवाज रडवेला असो, नाव बरोबर सांगितलेलं असो, खात्याचे शेवटचे चार आकडे बिनचूक असोत. समोर खरंच त्या बाई असतील, तर ओटीपी न मिळाल्याने त्यांचं फार तर एक काम अडेल आणि त्यांना बँकेत जावं लागेल. त्यांनी जायलाच हवं आहे. समोर चोर असेल, तर खातं रिकामं होईल.

यात आणखी एक पेच आहे. तो आकडा त्यांच्या खात्याचा नसून तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा असू शकतो. 'चुकून तुमच्याकडे कोड आला' ही खाती पळवण्याची जुनी युक्ती आहे. आधीच्या बाईंचे ओटीपी येण्याची सवय झालेल्या माणसावर ती सहज चालते, कारण अशा माणसाला संशयच येत नाही. तेव्हा सरळ उत्तर ठरवून ठेवा: "हा नंबर आता माझा आहे, तुम्ही बँकेत नंबर बदलून घ्या." एवढं बोलून फोन ठेवा आणि आलेला ओटीपी पुसून टाका.

आता बँकेचं काम कसं करायचं ते नीट सांगते, कारण हॉस्पिटल, लॅब, अ‍ॅप, सगळीकडे हीच पद्धत चालेल. मेसेजला उत्तर पाठवून उपयोग नाही. पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नसून अक्षरं असतील, तर तुमचं उत्तर कुणाकडेच जात नाही. मेसेजमधल्या लिंकवर किंवा तिथे दिलेल्या नंबरवरही जाऊ नका. तो मेसेज खरा आहे की बनावट हे तुम्हाला ठरवता येत नाही. खरा असला, तरी रिपोर्टची लिंक थेट रिपोर्टच उघडते. बँकेच्या वेबसाइटवरून ग्राहकसेवेचा नंबर आणि ईमेल घ्या.

फोनवर पहिलं उत्तर बहुतेक असं येईल: "नंबर फक्त खातेदारच बदलू शकतात." इथे लोक चिडून फोन ठेवतात. चिडू नका, कारण तो माणूस नियमाने बोलतो आहे. तुम्ही म्हणालात 'नंबर बदला', तर त्याला ते करता येत नाही आणि येऊही नये. नाहीतर कुणीही उठून कुणाचाही नंबर बदलेल. तुमची मागणी वेगळी आहे. "मला खातं माहीत नको, नंबर बदलायचाही नाही. हा नंबर अमुक तारखेपासून माझ्या नावावर आहे. तुमच्या ग्राहकाची माहिती आणि ओटीपी माझ्याकडे येत आहेत. या नंबरवर पाठवणं थांबवा, ग्राहकाला दुसऱ्या मार्गाने कळवा आणि माझ्या तक्रारीचा क्रमांक द्या." 'ओटीपी' हा शब्द आवर्जून वापरा. पैशांच्या सुरक्षेची तक्रार आणि नको असलेल्या मेसेजची तक्रार वेगवेगळ्या टेबलांवर जातात.

मग तेच ईमेलने लिहून पाठवा. सोबत नंबर चालू झाल्याचा कंपनीचा मेसेज किंवा पहिलं बिल जोडा, म्हणजे तारीख सिद्ध होते. बँकेचा एखादा मेसेज दाखवावा लागला, तर फक्त तारीख, वेळ आणि खात्याचे शेवटचे चार आकडे दिसू द्या. शिल्लक आणि ओटीपी झाका. लोक रागाच्या भरात अख्खे स्क्रीनशॉट पाठवतात आणि जी माहिती फुटली म्हणून तक्रार करतात, तीच आणखी चार जणांना दाखवतात. पंधरवड्यात मेसेज थांबले नाहीत, तर तोच क्रमांक देऊन बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्यांचं नाव-पत्ता बँकेच्या वेबसाइटवर द्यावाच लागतो.

बँक तुमचं ऐकेल का? पूर्वीपेक्षा शक्यता बरी आहे. अमेरिकेत 2021 च्या अखेरीपासून पुन्हा वाटल्या जाणाऱ्या नंबरांची मध्यवर्ती नोंद आहे आणि व्यवसायांना तिथे नंबर पडताळता येतो. भारतात बंद झालेल्या नंबरांची यादी निघते. आपल्याकडचे नंबर तिच्याशी ताडून पाहावेत, असं रिझर्व्ह बँकेने 2025 च्या जानेवारीत बँकांना सांगितलं. पण यादी असली, तरी प्रत्येक संस्थेने ती स्वतःच्या रजिस्टरला लावून पाहावी लागते. मोठी बँक पाहील. लॅब किंवा औषधाचं दुकान पाहीलच असं नाही. म्हणून ही छोटी ठिकाणं तुमच्याच एका फोनवर अवलंबून आहेत. गंमत म्हणजे तिथलं काम बँकेपेक्षा लवकर होतं, कारण समोरच्या माणसाला तिथल्या तिथे नंबर खोडता येतो.

मावशीला शोधणाऱ्या त्या भाचीला मात्र उत्तर द्या, आणि आजच द्या. तिथे रजिस्टर नाही, वाट पाहणारं माणूस आहे. "हा नंबर दीड महिन्यापासून माझ्याकडे आहे. आधी तो कुणाकडे होता ते मला माहीत नाही. कृपया त्यांच्याशी दुसरीकडून संपर्क करा." एवढंच. स्वतःचं नाव देऊ नका आणि 'त्यांचे बँकेचे मेसेज इथे येतात' हेही सांगू नका. नात्यातली असली, तरी मावशीच्या बँकेची माहिती तिला देणं तुमचं काम नाही. तिने आणखी विचारलं, शेवटचा मेसेज कधी आला, कुठल्या हॉस्पिटलचा आला, तर उत्तर तेच. हे कठोर वाटेल. पण ती खरंच भाची आहे की कुणाला चुकवून राहणाऱ्या बाईला शोधणारं दुसरं कुणी आहे, हे तुम्ही कशावरून ठरवणार?

नवऱ्याच्या ब्लॉकबद्दल. ब्लॉक केल्याने मेसेज तुम्हाला दिसत नाही, पण तो पाठवला जातच राहतो. ओटीपी तुमच्या फोनपर्यंत येतच राहतो आणि बँकेला वाटत राहतं की ग्राहकाला कळवलं. शिवाय उद्या तुम्ही त्याच बँकेत खातं उघडलं, तर तुमचे मेसेजही त्याच नावाने येणार आणि तुम्हीच लावलेल्या ब्लॉकमध्ये अडकणार. डीएनडी लावून तर काहीच होणार नाही. ते जाहिरातींसाठी आहे, हे मेसेज जाहिराती नाहीत. तक्रार देऊन झाल्यावर उरलेल्या फुटकळ दुकानांच्या जाहिराती मात्र खुशाल ब्लॉक करा, तिथे नवऱ्याचं ऐका.

आणि आता तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या बाबतीत बहुधा झालेलं असेल किंवा होणार असेल, असं एक सांगते. कित्येक अ‍ॅपमध्ये 'लॉगिन' आणि 'नवीन खातं' ही एकच पायरी असते. नंबर टाका, ओटीपी टाका, झालं. तुम्ही निरागसपणे स्वतःचा नंबर टाकता, स्वतःच्या फोनवर आलेला ओटीपी टाकता आणि समोर येतं, 'पुन्हा स्वागत', पुढे त्या बाईंचं नाव. खाली जतन केलेले दोन पत्ते, मागच्या ऑर्डरी, कदाचित कार्डाचे शेवटचे आकडे. तुम्ही काहीही चुकीचं न करता दुसऱ्याच्या घरात उभ्या असता. अशा वेळी नाव बदलून, पत्ता पुसून तेच खातं वापरायला घेऊ नका. बरेच जण घेतात, कारण सोपं असतं. मग कार्ड त्यांचं आणि वस्तू तुमची, असा घोळ होतो. लगेच लॉगआउट करा आणि अ‍ॅपच्या मदत विभागाला लिहा की या नंबरवर आधीच्या व्यक्तीचं खातं आहे, ते नंबरापासून वेगळं करा आणि मला नवीन उघडू द्या. 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे' असा निरोप आला, तर 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवू नका. ती वाट सरळ त्यांच्या खात्यात जाते.

व्हॉट्सअ‍ॅप थोडं समजूतदार आहे. खातं 45 दिवस वापरलं गेलं नाही आणि मग दुसऱ्या फोनवर सुरू झालं, तर नंबर नव्या माणसाकडे गेला असं धरून ते जुना फोटो आणि माहिती काढून टाकतं. आधीच्या बाईंचे जुने संवाद तुम्हाला दिसत नाहीत, ते त्यांच्या फोनवर असतात. त्यांनी दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल, तर पिन मागितला जाईल. अंदाजाने टाकत बसू नका, सात दिवस थांबलं की पिनशिवाय पुढे जाता येतं. टेलिग्राममध्ये मात्र जपून. तिथे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर असतात, त्यामुळे लॉगिन झालं की आधीच्या माणसाच्या गप्पा समोर उघडू शकतात. तसं झालं तर लॉगआउट करून बाहेर या.

हे सगळं वाचून 'नंबरच बदलून घेते' असं वाटलं असेल, तर तेही चुकीचं नाही. तुम्ही हा नंबर अजून बँकेला आणि महत्त्वाच्या ठिकाणी दिला नसेल, तर आत्ताच परत करणं सोपं आहे. माझं मत विचाराल तर वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले, तर लगेच बदला. बँकेशी मेसेजचं भांडण एका पत्राने मिटतं. वसुलीची यादी मात्र एका एजंटाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते, आणि प्रत्येकाला नव्याने पटवायचं की मी ती नव्हे. नुसत्या बँक-हॉस्पिटलच्या मेसेजसाठी नंबर सोडू नका. दोन-तीन ठिकाणी तक्रार केली की बहुतेक सगळं शांत होतं.

शेवटी तुमचा जुना नंबर. पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की तो बंद केला. दीड महिना झाला म्हणजे तो अजून बहुधा कुणाला मिळालेला नाही, पण मिळेल. तो कुठे कुठे दिला होता, याची यादी तुमच्या फोनमध्येच आहे. मेसेजच्या शोधात 'ओटीपी' आणि 'कोड' ही अक्षरं मराठीत आणि इंग्रजीत टाका, जिथून जिथून आजवर आले ती सगळी नावं समोर येतील. त्यात आधी ईमेलचं खातं पाहा, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग बँक. व्हॉट्सअ‍ॅप अजून जुन्या नंबरवरच चालू असेल, तर त्यातल्या सेटिंगमधून नंबर बदला, नाहीतर नवीन मालकाने नोंदणी केली त्या क्षणी ते तुमच्या फोनवरून बंद होईल. काही ठिकाणी नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरवरच ओटीपी जातो आणि तो आता तुम्हाला मिळणार नाही. तिथे ईमेलने होतं का ते पाहा, नाहीतर ओळखपत्र घेऊन स्वतः जा. बँकेची शाखा तर याच आठवड्यात गाठा.